शेअर विकला एकाने, कर भरला कंपनीने

जानेवारी २०२३ मध्ये फोनपेचे संस्थापक समीर निगम यांनी एक जाहीर हिशेब मांडला. कंपनीने आपले कायदेशीर घर सिंगापूरहून भारतात हलवले होते. त्यासाठी गुंतवणूकदारांना जवळजवळ ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला, असे त्यांनी सांगितले. हा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत ठळक छापून आला. पण त्याच हिशेबात दुसरी एक ओळ होती आणि तिच्याकडे कमी लोकांचे लक्ष गेले. इतक्या वर्षांचा साठलेला सुमारे ७,३०० कोटींचा तोटा या स्थलांतरामुळे करापुरता बाद होऊ शकतो, असे ती ओळ सांगत होती.

तोटा गेला तर दुःख कशाचे, असा प्रश्न साध्या माणसाला पडेल. व्यापाऱ्याला पडणार नाही. आज झालेला तोटा उद्याच्या नफ्यातून वजा करता येतो आणि उरलेल्या रकमेवरच कर लागतो. धंद्यातला तोटा असा आठ वर्षे पुढे ओढता येतो. मात्र त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असले पाहिजे. नफा करणारी कंपनी साधारण २५.१७ टक्के दराने कर भरत असेल, तर पुस्तकातला एक कोटीचा जुना तोटा म्हणजे उद्या वाचणारे २५ लाख रुपये. स्टार्ट-अपच्या बाबतीत ही रक्कम फार मोठी होते, कारण तिची पहिली पाच-सात वर्षे तोट्यातच जातात आणि नफा येतो तेव्हा तो एकदम येतो.

अडचण अशी की या पाच-सात वर्षांत भागधारक तेच राहत नाहीत. पैसे संपले की नवा फंड येतो, नवा फंड आला की जुन्यांचा वाटा घटतो, कधी कोणी बाहेर पडतो. आणि आयकर कायद्याचे कलम ७९ नेमके इथेच पाहते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण सीए मंडळींच्या तोंडी अजून ‘सेव्हन्टी-नाइन’च आहे, म्हणून इथेही तोच क्रमांक वापरला आहे.

या कलमामागचा संशय जुना आहे. बंद पडलेली, तोट्याने भरलेली कंपनी स्वस्तात विकत घ्यायची, आपला नफ्यातला धंदा तिच्यात घालायचा आणि दुसऱ्याच्या तोट्यावर आपला कर वाचवायचा, हा उद्योग कायद्याला थांबवायचा होता. म्हणून नियम केला गेला. शेअर बाजारात नोंद नसलेल्या, मोजक्या लोकांच्या हातातल्या कंपनीला जुना तोटा वजा करायचा असेल, तर दोन तारखांची तुलना करायची. तोटा झाला त्या वर्षाची ३१ मार्च आणि तोटा वजा करायचा त्या वर्षाची ३१ मार्च. पहिल्या तारखेला ज्यांच्या हाती किमान ५१ टक्के मताधिकार होता, त्याच लोकांकडे दुसऱ्या तारखेलाही किमान ५१ टक्के असला पाहिजे. मधल्या वर्षांत काय झाले, हा प्रश्न ही तुलना विचारत नाही.

हा नियम स्टार्ट-अपला जाचक होता. तिथे शेअर बदलतात ते कर चुकवण्यासाठी नव्हे, पगार भागवण्यासाठी. ही गोष्ट सरकारने २०१७ मध्ये मान्य केली आणि पात्र स्टार्ट-अपसाठी वेगळी अट आणली. वाटा कितीही घटला तरी चालेल, पण तोट्याच्या वर्षी ज्यांच्याकडे मताधिकाराचे शेअर होते त्या सगळ्यांनी ‘ते’ शेअर धरून ठेवलेले असले पाहिजेत. गंमत अशी की या सवलतीने स्टार्ट-अपची दुसरी बाजू उघडी पडली. एका छोट्या भागधारकाने शेअर विकले की ५१ टक्क्यांचा आधारही उरत नव्हता, कारण तो नियम त्यांना लागूच नव्हता. २०१९ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. आता दोन्हींपैकी कोणतीही एक अट पाळली तरी पुरते. दुसरी अट सुरुवातीच्या सात वर्षांतल्या तोट्यापुरती होती, ती मुदत २०२३ मध्ये दहा वर्षे झाली.

मात्र ‘स्टार्ट-अप’ हा शब्द इथे बोलीभाषेतला नाही. केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्ट-अप म्हणून मान्यता मिळाली म्हणजे काम झाले, असे अनेक संस्थापक समजतात. कलमाला हवी असते कलम ८०-आयएसीमधली ‘पात्र स्टार्ट-अप’. म्हणजे १ एप्रिल २०१६ नंतर स्थापन झालेली, उलाढालीच्या मर्यादेत बसणारी आणि आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र मिळवलेली कंपनी. या दोन गोष्टींमधले अंतर किती, हे आकड्यांवरून कळते. २०२५ च्या मध्यापर्यंत देशात मान्यता मिळालेल्या स्टार्ट-अप दीड लाखाच्या वर होत्या, तर मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेल्या सुमारे ३,७००. बाकी सगळ्यांना फक्त ५१ टक्क्यांचा जुना नियम लागू.

आता हे सगळे एका कंपनीत घालून पाहू. कंपनी कल्पित आहे, पण तिच्यासारख्या पुण्यात बऱ्याच सापडतील. शीतगृहातले तापमान मोजणारी यंत्रे ती बनवते. जून २०१९ मध्ये दोघा मित्रांनी ती काढली. प्रत्येकाचे ४,५०० शेअर. सुरुवातीचा एंजल गुंतवणूकदार म्हणजे त्यांच्यातल्या एकाचे जुने साहेब, त्यांचे १,०००. एकूण १०,०००. पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे २०१९-२० आणि २०२०-२१ मध्ये, मिळून दोन कोटींचा तोटा झाला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिला फंड आला. त्याला नवे ५,००० शेअर दिले, एकूण झाले १५,०००. पुढच्या दोन वर्षांत, २०२१-२२ आणि २०२२-२३ मध्ये, सात कोटींचा तोटा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसरा फंड आला आणि त्याला नवे १०,००० शेअर मिळाले. एकूण २५,०००. आता दोघे मित्र मिळून ३६ टक्के, साहेब ४, पहिला फंड २० आणि दुसरा फंड ४० टक्के. २०२३-२४ मध्ये आणखी दोन कोटींचा तोटा. तोपर्यंतचा एकूण तोटा अकरा कोटी. आणि मग २०२४-२५ मध्ये औषध कंपन्यांच्या मोठ्या मागण्या आल्या आणि पहिल्यांदाच पाच कोटींचा नफा झाला.

३१ मार्च २०२५ ला सीए काय मोजेल? इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. सगळा तोटा एकत्र धरून एकदाच परीक्षा होते, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक वर्षाच्या तोट्याची परीक्षा वेगळी होते, कारण प्रत्येक वर्षीचे भागधारक वेगळे असतात.

पहिल्या दोन वर्षांचा दोन कोटींचा तोटा घ्या. तेव्हा मालक तिघेच होते, दोघे मित्र आणि साहेब. आज त्या तिघांकडे मिळून ४० टक्के. ५१ नाहीत. कंपनी साधी असेल तर हे दोन कोटी गेले. कोणी काही विकले नाही, कोणी काही लपवले नाही, नवा पैसा आला एवढेच. कंपनी पात्र स्टार्ट-अप असेल तर मात्र हे दोन कोटी वाचतात, कारण तिघांनीही आपला एकेक शेअर धरून ठेवला आहे. सवलत बनली ती अशाच प्रसंगासाठी.

पुढचे सात कोटी पाहा. ते झाले तेव्हा पहिला फंडही मालक होता. तिघे आणि पहिला फंड मिळून आज ६० टक्के, म्हणजे हा तोटा साध्या कंपनीतही सुरक्षित. शेवटच्या दोन कोटींच्या वेळी सगळेच होते, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. म्हणजे ही पात्र स्टार्ट-अप असेल तर पूर्ण अकरा कोटींचा तोटा हाती राहतो. पाच कोटींच्या नफ्यावर एक पैसाही कर नाही आणि सहा कोटी पुढच्या वर्षांसाठी शिल्लक.

आता दोन छोट्या घटना घालू. जानेवारी २०२५ मध्ये साहेबांना मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते. दुसरा फंड वाटा वाढवायला उत्सुक होताच. साहेबांनी आपले १,००० शेअर त्याला विकले. ४ टक्क्यांचा व्यवहार, चांगला भाव, पेढेही वाटले गेले. पण पहिल्या दोन वर्षांच्या तोट्यासाठी ‘सगळ्यांनी ते शेअर धरले पाहिजेत’ ही अट त्या दिवशी मोडली. मित्रांकडे ३६ टक्केच असल्याने ५१ टक्क्यांचा दुसरा दरवाजाही बंद. दोन कोटींचा तोटा बाद झाला, म्हणजे भविष्यातला सुमारे ५० लाखांचा कर वाढला. सात कोटी अजून जिवंत आहेत. मित्रांचे ३६ आणि पहिल्या फंडाचे २०, मिळून ५६ टक्के.

मग मार्च २०२५ च्या मध्यावर एका मित्राने फ्लॅटसाठी १,५०० शेअर त्याच दुसऱ्या फंडाला विकले. एकूण शेअरच्या ६ टक्के. मित्रांचे झाले ३०, पहिल्या फंडाचे २०. बेरीज ५०. एका टक्क्याने घात झाला आणि सात कोटींचा तोटा परीक्षेत नापास. पाच कोटींच्या नफ्यातून आता फक्त २०२३-२४ चे दोन कोटी वजा होतात. उरलेल्या तीन कोटींवर सुमारे साडेपंचाहत्तर लाख रुपये कर. साहेब आणि मित्र यांनी आपापल्या विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर वेगळा भरलाच. हा साडेपंचाहत्तर लाखांचा कर कंपनीच्या खात्यातून जातो, म्हणजे शेअर न विकणाऱ्यांच्याही खिशातून.

हे टाळता आले असते का? दोन मार्गांनी. तोच व्यवहार १५ मार्चऐवजी २ एप्रिलला झाला असता, तर ३१ मार्च २०२५ ला बेरीज ५६ टक्केच राहिली असती. त्या वर्षीचा पाच कोटींचा नफा जुन्या तोट्यात पूर्ण जिरला असता. अडचण आली असती ती पुढच्या वर्षी, उरलेल्या तोट्यापुरती. दुसरा मार्ग आणखी सोपा होता. मित्राने शेअर दुसऱ्याऐवजी पहिल्या फंडाला विकले असते, तर ३० आणि २६ मिळून पुन्हा ५६ झाले असते, कारण सात कोटींचा तोटा होताना पहिला फंड मालकांत होता. कोण विकतो याच्याइतकेच कोण घेतो हे महत्त्वाचे असते आणि शेअर विकताना भावाखेरीज दुसरे काही विचारायची सवय कुणाला नसते.

प्रत्यक्षात अशी मोडतोड बहुधा याहूनही लहान कारणाने होते. कर्मचाऱ्यांना दिलेल्या ईसॉपमध्ये ती लपलेली असते. नुसता पर्याय हाती असलेला कर्मचारी भागधारक नसतो, त्यामुळे तोवर चिंता नाही. पण एखाद्या अभियंत्याने पर्याय वापरून चाळीस शेअर घेतले, ३१ मार्चला त्याचे नाव नोंदवहीत आले आणि दोन वर्षांनी नोकरी सोडताना त्याने ते विकले, तर त्या एका वर्षाच्या तोट्यासाठी ‘सगळ्यांनी’ हा शब्द खोटा ठरतो. चाळीस शेअर की चार हजार, याने फरक पडत नाही. कलम टक्केवारी विचारत नाही, यादी विचारते.

मृत्यू आणि नातेवाईकांना दिलेली भेट या दोन प्रसंगांना कायद्याने सूट दिली आहे. साहेब वारले आणि शेअर मुलीच्या नावे झाले, किंवा त्यांनी हयातीत ते पत्नीला भेट दिले, तर अट मोडली असे धरत नाहीत. दिवाळखोरीच्या कायद्याखाली मंजूर झालेल्या योजनेने मालक बदलले तरीही सूट आहे, अर्थात आयकर विभागाला बाजू मांडायची संधी दिल्यावर.

मोठ्या फंडांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. वरच्या हिशेबात सोयीसाठी सगळे शेअर साधे धरले. फंड बहुतेकदा साधे शेअर घेत नाहीत. ते पुढे सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर घेतात. कंपनी कायद्याप्रमाणे प्रेफरन्स शेअरवाल्याला साधारणपणे स्वतःच्या हक्कांवर परिणाम करणाऱ्या ठरावांपुरतेच मत असते. करारात मात्र फंड जास्त मताधिकार मागून घेतात. मग मताधिकाराच्या बेरजेत ते धरायचे की नाही? यावर वाद होतात आणि एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळू शकतात. हे शेअर साध्या शेअरमध्ये बदलतात त्या दिवशी मात्र मताधिकाराचे चित्र निर्विवाद बदलते. म्हणून रूपांतराची तारीख ३१ मार्चच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावे लागते.

समूह तोच, मालक तोच, फक्त मधली कंपनी बदलली, तर? या प्रश्नावर न्यायालयांचे सूर वेगळे लागले आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ॲम्को पॉवर सिस्टिम्सच्या प्रकरणात करदात्याची बाजू घेतली. मूळ कंपनीचा थेट वाटा खूप घटला होता, पण तिच्या पूर्ण मालकीच्या उपकंपनीकडचा वाटा धरला तर ताबा तिच्याकडेच होता आणि न्यायालयाने ताबा पाहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केएफसी आणि पिझ्झा हट चालवणाऱ्या समूहाच्या यम रेस्टॉरंट्सच्या प्रकरणात उलट निकाल दिला. शेअर समूहातल्याच एका परदेशी कंपनीकडून दुसऱ्या परदेशी कंपनीकडे गेले होते, अंतिम मालक अमेरिकेत तोच होता, तरी लाभाचा मालक बदलला असे धरून तोटा नाकारला गेला. परदेशी कंपनीखालून भारतात परतणाऱ्या स्टार्ट-अपना याच फरकाची भीती वाटते. फोनपेच्या मागे उभे असलेले गुंतवणूकदार ओळखीचेच होते, पण भारतीय कंपनीच्या नोंदवहीत सिंगापूरच्या कंपनीच्या जागी दुसरी नावे आली.

सगळेच काही जात नाही, हेही सांगायला हवे. यंत्रे, संगणक, सॉफ्टवेअर यांच्यावरचा घसारा नफ्यात जिरला नाही, तर तो तोट्यापासून वेगळा काढून पुढे नेता येतो. त्याला आठ वर्षांची मर्यादा नाही आणि कलम ७९ त्याला लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये श्री सुभुलक्ष्मी मिल्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. म्हणून तोट्याच्या आकड्यात घसारा किती आणि रोजचा खर्च किती, याची फोड पहिल्या वर्षापासून नीट ठेवलेली असेल, तर मालक बदलल्यावरही काही भाग वाचतो. यंत्रांवर पैसा घालणाऱ्या कंपनीत हा भाग मोठा असतो. जाहिरात आणि सवलतींवर पैसा ओतणाऱ्या ॲपवाल्या कंपनीत जवळजवळ नसतोच.

ज्या वर्षी मालक बदलतात त्या वर्षीचा तोटाही सुरक्षित असतो, कारण त्याची परीक्षा त्याच वर्षाच्या ३१ मार्चच्या भागधारकांवरून होते आणि तोवर नवे मालक आलेले असतात. पण कंपनी पूर्णच विकली गेली तर आधीचा तोटा नव्या मालकाच्या उपयोगाचा राहत नाही. अनुभवी खरेदीदार ताळेबंदातला जुना तोटा पाहून भाव वाढवून देत नाहीत, त्याचे कारण हेच. संस्थापकाला मात्र वाटते, की आपण वीस कोटींचा तोटा म्हणजे पाच कोटींची करबचत सोबत विकतो आहोत.

आयकर विभागाला हे कळते कसे? वेगळा शोध घ्यावा लागत नाही. कंपन्यांच्या आयटीआर-६ या विवरणपत्रात बिगरनोंदणीकृत कंपनीला ३१ मार्चच्या भागधारकांची यादी द्यावी लागते. साध्या कंपनीसाठी शेड्यूल एसएच-१, स्टार्ट-अपसाठी एसएच-२. वर्षात कोण बाहेर पडले, तेही तिथे भरायचे असते. पुढे ओढलेल्या तोट्याचे वर्षवार कोष्टक त्याच विवरणपत्रात असते. दोन वर्षांच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की उत्तर समोर. चूक उघड होते ती बहुधा तपासणीत किंवा पुढच्या फंडाच्या ड्यू डिलिजन्समध्ये, आणि तोवर व्याजही चढलेले असते.

त्यामुळे अशा कंपनीत कोणीही शेअर विकण्याआधी सीएकडून एकच कागद मागून घ्यावा. डावीकडे तोट्याची वर्षे आणि रकमा, घसारा वेगळा काढून. समोर प्रत्येक वर्षाच्या ३१ मार्चचे भागधारक आणि त्यांचे शेअर. शेवटच्या रकान्यात, हा व्यवहार झाला तर कोणाची बेरीज किती होते. पुण्याच्या त्या कंपनीत हा कागद मार्चच्या पहिल्या आठवड्यात बनला असता, तर फ्लॅट तोच मिळाला असता आणि साडेपंचाहत्तर लाख रुपये कंपनीकडे राहिले असते.